अक्काच्या घराचं गुत्तं

माझी थोरली बहीण कशाचाच भाव करत नसे, आणि हे तिच्या गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. भाजीवाली तिला लांबून येताना बघायची आणि मेथीची जुडी दोन रुपयांनी महाग करायची. रिक्षावाला मागेल ते ती द्यायची. कापडाच्या दुकानात मी तिच्यासोबत गेले की मला लाज वाटायची. दुकानदार स्वतःच कमी करायच्या बेतात असायचा आणि तोवर अक्काने पिशवीतून पैसे काढलेले असायचे.

"अगं, मागून तरी बघ," मी म्हणायची.

"मागू दे की त्याला. त्याच्याबी घरी चूल हाय."

मला वाटायचं, नशिबाने एवढं नेलं म्हणून तिने हात सैल सोडलाय. तसं नव्हतं, पण ते कळायला फार वर्षं गेली.

आमचं माहेर मुखेडचं. अक्काला औसा तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. दाजी प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या समाजाची वस्ती गावाच्या कडेला होती. घरं कुडाची, वर गवत नाहीतर पत्रा. नोकरीला लागल्यावर दाजींनी वस्तीतलं पहिलं दगडी घर बांधलं. हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं जड धाबं. वाड्यातल्या लोकांचं असतं तसं. बाबा ते घर बघून आले तेव्हा आईला म्हणाले, "पोरगी किल्ल्यात पडली."

धाकट्याच्या बाळंतपणाला अक्का मुखेडला आली होती. थोरली लेक पहिलीत होती, शाळा बुडू नये म्हणून ती बापाजवळ राहिली. भूकंप झाला तो त्याच दिवसांत, पहाटेच्या अंधारात. मुखेडला आमची भांडी वाजली, इतकंच. तिकडे गाव उरलं नव्हतं. वस्तीतली कुडाची घरं कलली, वाकली, पण त्यांतली माणसं बाहेर निघाली. दगडी घराला एकच दार होतं, आतली दोघं निघाली नाहीत.

मला नांदेडला बांधकाम खात्याच्या कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. अक्का लेकराला घेऊन लातूरला आली. मिळालेल्या मदतीतून आणि दाजींच्या फंडातून तिने जागा घेतली. पुढे विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, मागे मोकळं. शिकवणीला येणाऱ्या पोरांचे डबे करून तिने मुलाला वाढवलं. तो शिकून पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला.

लातूर आमच्या डोळ्यांदेखत बदललं. आधी एखाददुसरी शिकवणी होती, मग गल्लीगल्लीत पाट्या लागल्या. हदगाव, बिलोली, कुठून कुठून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला यायची. ज्याच्याकडे जागा होती त्याने त्यांच्यासाठी खोल्या चढवल्या. अक्काच्या दोन्ही बाजूंची घरं तीन-तीन मजले झाली. मधे हिचे पत्रे. तिचे गुडघे गेले होते, डब्यांचं काम आता झेपत नव्हतं. मागच्या मोकळ्या जागेत खाली दोन आणि वर दोन खोल्या काढून मुलींना भाड्याने द्यायच्या, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक ते. कशाला व्याप?" ती म्हणाली, "हाव, बघू," आणि फोन ठेवला.

निविदा उघडणं, दर शेजारी शेजारी मांडणं हे माझं रोजचंच काम. त्यामुळे घराचा व्यवहार मी बघायचा, हे न बोलताच ठरलं. मी आधी एका तरुण अभियंत्याकडून नकाशा करून घेतला. कॉलम किती, पाया किती खोल, कुठे कोणता गज, सगळं त्यात लिहिलेलं. त्याची फी ऐकून आमच्या नात्यातल्या एकाने हसून विचारलं, "चार खोल्यांना कशाला इंजिनियर?" पण हातात नकाशा नसला की प्रत्येक गुत्तेदार आपल्या मनातल्या घराचा भाव सांगतो. तीन भाव आले तरी ती तीन वेगळीच घरं असतात. मग काय ताडून बघणार?

एकाच नकाशाच्या प्रती मी तिघांना दिल्या.

पहिला मोठा गुत्तेदार. पांढरी गाडी, शिकवण्यांच्या भागात ऑफिस. त्याने छापील कागदावर एकच आकडा लिहून पाठवला, तिघांत सगळ्यात मोठा. मी म्हटलं, "पाया, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असं वेगवेगळं करून द्या."

"मॅडम, सुटे भाव आम्ही देत नाही," तो म्हणाला, आणि माझ्यावरची नजर काढून अक्काकडे वळला. "ताई, तुमच्यावर काय गुजरलं ते मला माहीत आहे. म्हणून मी डबल स्टील धरलंय. पैसा जास्त लागंल, पण रात्री झोप लागंल."

अक्काचा चेहरा मी पाहिला. तिने पदर तोंडाशी नेला होता.

दुसरा नवखा, भाव सगळ्यात कमी. त्याला मी समोर बसवून एकेक विचारलं. जिना धरलाय का? नाही. पाण्याची टाकी? नाही. पाया किती? तीन फूट, त्याच्या खाली गेलं तर जादा. बाहेरून प्लास्टर? तेही जादा. हे सगळं मिळवल्यावर त्याचा आकडा तिसऱ्याच्या वर गेला. बेरीज बघून त्या पोराने स्वतःच आपला कागद घडी करून खिशात घातला.

तिसरे चाचा. साठीचे, बापापासून गवंडीकाम करत गुत्तेदार झालेले, स्वभावाने तिरसट. त्यांनी भाव फोडून दिला होता, पण सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याचा दर चालू भावापेक्षा बराच चढा होता. मी ते दाखवलं.

"मी लोखंडी प्लेटा लावतो," चाचा म्हणाले. "फळ्या न्हाई. स्लॅब खालून साफ निघतो. छताला प्लास्टर करू नका, तो पैसा वाचवा. न्हाई पटलं तर दुसरा बघा."

मला पटलं. पण दिवस फाल्गुनाचे होते. जूनच्या आत खोल्या तयार व्हाव्यात म्हणून सगळ्या लातुरात एकदम कामं निघालेली. मजूर मागेल ती मजुरी, त्यात बोअर आटलेले आणि टँकर महाग. सिमेंटच्या कामाला पाणी कमी पडलं तर बांधलेलं काय कामाचं? मी अक्काला म्हटलं, "दिवाळीनंतर सुरू करू. एक वर्षाचं भाडं बुडेल, पण मजुरी उतरेल, बोअरलाही पाणी असेल. तोवर चाचांशी नीट बसून बोलू."

तिने मान हलवली. मार्चअखेरची बिलं होती म्हणून मी नांदेडला परत आले.

एप्रिलात गेले तेव्हा मागच्या अंगणात कॉलम उभे होते.

अक्काने मोठ्या गुत्तेदाराला काम देऊन टाकलं होतं. त्याने मागितले तेवढे, जवळजवळ निम्मे पैसे आधीच दिलेले. मी पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "अक्का, हे काय केलंस? आपलं काय ठरलं होतं?"

"त्यो सगळ्यात जास्त मागत होता," ती म्हणाली. "म्हणून त्यालाच दिलं."

मी पिशवी तिथेच टाकली. मी कॉलमपाशी गेले. खालचे कॉलम कमरेएवढे भरले होते, वर गज उघडे होते. नकाशात सोळाचे गज होते, हे डोळ्यांनाच बारीक दिसत होते. गजांभोवती बांधायच्या रिंगा नकाशात चार बोटांच्या अंतरावर दाखवल्या होत्या, इथे दोन रिंगांमधून माझा हात कोपरापर्यंत सहज गेला. रिंगेची टोकं आतल्या बाजूला वळवलेली नव्हती, नुसती एकावर एक टेकवलेली. नकाशा करून देताना अभियंत्याने मला बोट ठेवून सांगितलं होतं, "हलल्यावर रिंग उघडली की कॉलम फुटतो. टोक आतच वळलं पाहिजे."

त्याला बोलावलं. त्याने आधी गज मोजले, मग एका कॉलमच्या शेजारून खड्डा घ्यायला लावला. खणणाऱ्या माणसाला काळी माती लागत राहिली. पाया काळ्या मातीतच थांबवला होता. मुरूम त्याच्याखाली होता, तिथवर कुणी गेलंच नव्हतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही, गुत्तेदाराला तर नाहीच.

"यावर काही चढवू नका," अभियंता म्हणाला. "हे काढावं लागेल."

अक्काने विचारलं, "सगळं?"

"सगळं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या ऑफिसात गेलो. गुत्तेदाराने थंड पाणी मागवलं. मी नकाशा आणि पायाचे फोटो टेबलावर ठेवले.

"मॅडम, नकाशा कागदावर असतो, काम जमिनीवर," तो म्हणाला.

"तुम्ही डबल स्टीलचे पैसे घेतलेत. इथे नकाशातलंसुद्धा नाही."

"डबल म्हणजे बोलायची पद्धत असते ती. आणि कागद कुठाय? मी एक रक्कम सांगितली, ताईंनी मान्य केली. कुठला गज, किती खोल, काही ठरलं होतं का आपलं? ताई, तुम्हीच सांगा, तुम्ही काही विचारलं होतं का मला?"

अक्का मान खाली घालून बसली होती. "न्हाई," ती म्हणाली. "म्या काय विचारलं न्हाई."

मी वकिलाची भाषा केली, तर तो म्हणाला, "करा की. तुमची नोकरी सरकारी आहे, तुम्हाला वेळच वेळ." शेवटी जागेवर पडलेल्या विटा, वाळू आणि न वापरलेले गज तेवढे आमचे, यावर येऊन थांबलो. त्यापुढे एक रुपया सुटला नाही. खटला चालवायला लागणारा पैसा बुडालेल्या पैशाच्या निम्मा झाला असता, आणि तोही निकाल लागेतो पुरला नसता. मी पुष्कळ कामांच्या तंट्यांची कागदपत्रं पाहिलेली. मला हौस नव्हती.

घरी आलो. कॉलम फोडायला माणसं लावली होती, घण पडत होते. अक्का मागच्या पायरीवर बसून बघत होती. मी तिच्याजवळ टेकले. राग अजून गेला नव्हता.

"जास्त मागतो म्हणून काम दिलं, असं कुणी करतं का गं?"

तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली. मग घणाच्या आवाजात, माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"त्या घराचं गुत्तं म्या ठरवलं होतं. तुझ्या दाजींना भाव करणं जमायचं न्हाई, मास्तर माणूस. म्या लई घासायची. गवंडी म्हणला, भिंतीला मधून मधून लांब दगड घालावं लागतील, ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारं. ते शोधून घडवायला मजुरी जास्त. म्या म्हणलं, कशाला? हातभर भित हाय, हत्ती बांधला तरी पडायची न्हाई. त्यो म्हणला, बाई, बाहेरची भित निराळी, आतली निराळी, मधी नुसता बारीक दगडाचा चिपा आन् माती. बांधून ठेवायला दगड पायजे. म्या त्याला हसले. कमी करायला लावलं. त्यानं कमी केलं." ती थांबली. "गावात म्या मिरवले की, मास्तरीण बाईनं गवंड्याला वाकवलं म्हणून."

अंगणात घण थांबला होता. माणसं पाणी प्यायला बसली.

"तवापासून म्या कुणाला कमी करा म्हणलं न्हाई. तोंडच उघडत न्हाई माझं. वाटतं, कमी करा म्हणलं की त्यो कुठून तरी काढून घेणार. कुठून काढलं, ते आपल्याला दिसणार न्हाई."

मी तिचा हात धरला. तो कोरडा आणि खरबरीत होता, डब्यांच्या भांड्यांनी झालेला. गावातली बाकीची दगडी घरंही पडलीच होती, हे सांगावंसं वाटलं, पण ते तिला माझ्याआधीपासून माहीत होतं.

संध्याकाळी मी अभियंत्याला एकटीने गाठून विचारलं. लांब दगड असते तर भिंत राहिली असती का? त्याने खोटा दिलासा दिला नाही. म्हणाला, "भिंत फुगून दोन पदर सुटे होणं त्याने अडतं. पण वर एवढं जड धाबं, सांधायला चिखल. कदाचित थोडा वेळ मिळाला असता. कदाचित नसता. कुणीच सांगू शकत नाही." मी हे अक्काला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

तो उन्हाळा आणि पावसाळा अंगणात नुसते खड्डे होते. त्यांत पाणी साचलं, डास झाले, शेजारणींनी बोल लावला. दिवाळी झाल्यावर चाचा आले. येताच म्हणाले, "त्या टायमाला माझ्याकडं आला असता तर..." आणि अक्काकडे बघून पुढचं गिळलं.

आता पैसा कमी होता. चार खोल्या जमत नव्हत्या. मी सरळ सांगितलं, "चाचा, आमच्याकडे एवढेच आहेत. यात नकाशातलं लोखंड, सिमेंट आणि पायाची खोली यांना हात लावायचा नाही. बाकी कशातून किती उतरतं, ते तुम्ही सांगा."

चाचांनी दाढी खाजवली. "वरच्या दोन खोल्या आता सोडा. खाली दोन काढू, पाया आणि कॉलम मात्र दोन मजल्याचे. पुढं पैसा आला तर चढवा."

"लोखंड आणि सिमेंट आम्ही घेऊ," मी म्हटलं. "दुकानातून, आमच्या नावाच्या पावतीवर. तुम्ही मजुरी, वाळू, गिट्टी आणि कमी पडतील त्या विटांचं सांगा."

"माल तुमचा, तर नासाडीबी तुमची. मग मला म्हणू नका की चाचानं गज जास्त कापले."

"कापायचे किती ते नकाशात आहे. उरलेले तुकडे माझ्यासमोर मोजायचे."

ते हसले नाहीत, पण मान्य केलं. मी दोन दुकानांत भाव काढले. रोख देणार म्हटल्यावर एकाने थोडं उतरवलं. गज गाडीसकट काट्यावर वजन करून घेतले. सिमेंट लागेल तसं आणायचं ठरलं, साठवून गोठायला नको. मग मोजणीचं. पुढच्या पडवीचं क्षेत्र पूर्ण धरायचं की अर्धं, यावर चाचा आणि मी चांगले तासभर भांडलो. अर्ध्यावर मिटलं. पैसे कामाच्या टप्प्याने द्यायचे. जोत्यापर्यंत आल्यावर एवढे, स्लॅब पडल्यावर एवढे, आणि शेवटचा हिस्सा एक पावसाळा गेल्यावर. या शेवटच्यावर चाचा उठून उभे राहिले.

"पावसाळ्यापर्यंत मी काय खाऊ? मजुरांचे पैसे मी थांबवत न्हाई. तुम्ही माझे थांबवता!"

मी उत्तर देणार तोच अक्का बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून बसली होती.

"चाचा, अर्धा हिस्सा काम झाल्यावर घ्या. अर्धा पावसाळ्यानंतर."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मीही.

"आन् फरशी शहाबादी टाका," ती पुढे म्हणाली. "टाइल नको. पोरींना काय करायचीय चकचकीत फरशी? दारं जुन्या बाजारातली चालतील, सागवानी चौकट बघून घ्या. समोरची नक्षी काढा. बाहेरून रंग आत्ता नको, नुसता चुना." श्वास घेऊन तिने विचारलं, "ह्यात किती उतरलं?"

चाचांनी मनातल्या मनात धरलं आणि आकडा सांगितला.

"अजून थोडं," अक्का म्हणाली, आणि लगेच तिने डोळे मिटून घेतले. जणू काही पडणार होतं.

"आता मागचं दार राहिलं," चाचा म्हणाले. "दोन खोल्यांना पुढून एक-एक, मागून एक-एक, चार दारं नकाशात हायेत. मागची दोन बंद करू. चौकट वाचली, दार वाचलं, कडीकोयंडा वाचला. तेवढ्यात तुमचं जमतंय."

"ती राहू द्या."

"बाई, कोण लावतं दहा बाय बाराच्या खोलीला दोन दारं?"

"ती कमी व्हायची न्हाईत, चाचा. दुसरं कायबी काढा."

चाचांनी दुसरं काढलं. स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट गेला.

काम फाल्गुनापर्यंत चाललं. मी दर शनिवारी रात्री येऊन रविवारी बघायची. अक्का मात्र रोज उभी असायची. पाया मुरमाला लागला त्या दिवशी तिने खड्ड्यात उतरून तो पिवळा कठीण थर हाताने चाचपला. गुडघ्यामुळे वर येताना दोन मजुरणींना तिला ओढावं लागलं. रिंगेची टोकं वळली आहेत का हे ती बोट घालून बघायची, गवंडी वैतागायचे. एकदा सिमेंटच्या मालात पाणी जास्त झालं म्हणून तिने घमेलं परत पाठवलं. त्यावरून चाचा तिच्यावर ओरडले, तीही ओरडली, आणि त्या दिवशीचा चहा कुणी घेतला नाही. स्लॅब पडल्यावर कितीतरी दिवस वर पाण्याची तळी बांधलेली होती. बोअरला पाणी होतं, तेवढं एक बरं झालं.

खोल्या उभ्या राहिल्या. भंतेजींना बोलावून वंदना केली. मुलगा पुण्याहून आला, सकाळी आला आणि संध्याकाळी गेला. पाहुणे म्हणाले, छान झालं. अक्काला आनंद झालेला मला दिसला नाही. सगळे गेल्यावर ती एका खोलीत जाऊन वर छताकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "चल, आज इथेच झोपू." ती नाही म्हणाली आणि पुढे पत्र्याखाली तिने अंथरूण टाकलं.

पावसाळ्यात न्हाणीच्या कोपऱ्यात ओल आली. चाचा कुरकुरत आले, फोडून पुन्हा केलं, आणि राहिलेले पैसे घेऊन गेले. जाताना म्हणाले, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा नको." ते खरंच वैतागले होते.

त्याआधी, जूनमध्ये, मुली खोल्या बघायला आल्या होत्या, आईबापांसोबत. खोली आवडायची, हवा आवडायची, आणि मग मागच्या दारापाशी गाडी अडायची. मुलींच्या खोलीला मागून दार? रात्री कुणी आलं तर? अक्का सांगायची, दार आतून लागतं, मागे भिंत आहे. लोक म्हणायचे, मग कुलूप घाला. ती म्हणायची, कुलूप न्हाई, नुसती कडी. दोन-तीन कुटुंबं तशीच उठून गेली. भाड्याच्या आशेवरच सगळा खेळ मांडलेला. मी तिला म्हटलं, "घाल ना कुलूप. पैसे कुठून आणणार?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी बिलोलीकडचे एक शेतकरी आले, सोबत लेक. मुलगी दहावीला तालुक्यात पहिली आलेली, बारीक, जाड चष्म्याची. बापाने दोन्ही दारं उघडून-लावून पाहिली आणि भाड्यावर आला.

"जरा कमी करा की, मावशी. शिकवणीची फीच लई हाय."

अक्काने आधी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाडं कमी करते. पण मागच्या दाराला कुलूप लावायचं न्हाई, आन् त्याच्यासमोर ट्रंक ठेवायची न्हाई. हे कबूल असंल तर राहा."

बापाला त्यात काय विशेष वाटणार? तो हो म्हणाला. वळकटी आत आली. अक्काने मुलीला हाताला धरून मागच्या दाराशी नेलं. "कडी काढ," ती म्हणाली. मुलीने काढली. "आता लाव. आता डोळे मिटून काढ."

मुलगी बापाकडे बघून हसली. तिला वाटलं, म्हातारी गमतीची आहे. तिने डोळे मिटले आणि भिंतीवर कडी चाचपायला लागली. अक्का तिच्यामागे उभी होती, आणि कडी सापडेपर्यंत तिने श्वास घेतला नाही. मी बाहेर येऊन मोरीवर उगाच भांडी विसळत बसले.